लॉगमधली माझी ओळ

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःला सांभाळून घेतलं. आमच्या घरात कपाट उघडं राहिलं तरी मी विचारते, कोणी उघडं टाकलं? कपाट लावायच्या आधी विचारते. नवरा म्हणतो, अगं आधी लाव तरी. पण नाही. मला आधी नाव पाहिजे असतं.

ऑफिसमध्ये तर मला नावं आयतीच मिळायची. वर्तकनगरच्या एका जुन्या कॉलनीत तळमजल्याच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस आहे. मालक, म्हणजे आमचे सर, धरून पाच माणसं. दुकानं, क्लासेस, दवाखाने यांची सोशल मीडियावरची खाती आम्ही चालवतो. फोटो, मजकूर, सणाच्या शुभेच्छा, सगळं आमच्याकडून जातं. त्यासाठी एक सॉफ्टवेअर आहे. सगळ्या क्लायंटची खाती त्यात जोडलेली, आणि आम्ही पाचही जण आपापल्या नावाने त्यात शिरतो. पोस्ट आज तयार करायची, वार आणि वेळ घालून ठेवायची, ती त्या वेळी आपली आपण जाते. आम्ही त्याला ‘लावणं’ म्हणतो. दिवाळीच्या पोस्टी आम्ही गणपतीतच लावून मोकळे होतो.

त्या सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात ऑडिट लॉग नावाचं पान आहे. कोणती पोस्ट कोणी बनवली, कोणी लावली, कोणी बदलली, कोणी रद्द केली, सगळं तिथे ओळीने उतरतं. नाव, वार, तास, मिनिट. ते कोणाला खोडता येत नाही, ॲडमिनलाही नाही. ॲडमिन मी. मजकूर मी लिहिते, वयाने मी सगळ्यात मोठी, म्हणून ॲडमिनपणही माझ्याच गळ्यात. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कोणी म्हटलं ‘मी नाही केलं’, की मी लॉग उघडायचे आणि स्क्रीन त्याच्याकडे फिरवायचे. मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा. किती जणांना मी असं तोंडघशी पाडलंय, देवाला माहीत.

तर आमच्याकडे एक नवीन बाई आलेली. मुलगी म्हणावं तर चौतिशीची, सात वर्षांच्या मुलाची आई. आंबिवलीहून यायची. लग्नाआधी डिझाइनचं काम करायची, मग आठ वर्षं घरी. तिला मीच आणलेलं. मुलाखतीला आली तेव्हा फाइल छातीशी धरून बसलेली, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाआधी म्हणायची, ‘आता सवय गेलीय हां ताई.’ सवय कसली गेलीय, हात बसलेला होता तिचा. पहिल्याच आठवड्यात तिने आमच्या अर्ध्या क्लायंटचे रंग सुधारले.

घरी मात्र तिची परीक्षा चाललेली. मुलाला शाळेतून आणायचं, जेवायला घालायचं, हे सासूबाई करायच्या, आणि त्यांनी सांगितलेलं, सहा महिने बघते. सहा महिन्यांत ऑफिसने कायम केलं तर मी नातवाला सांभाळीन, नाहीतर तू गपचूप घर बघ. नवरा आईपुढे बोलत नाही. डबा खाताना ती मला हे हसत हसत सांगायची, पण दिवस मोजत होती. पाच महिने वीस दिवस. पाच महिने बावीस दिवस. ‘ताई, सरांना जरा आठवण करा ना पत्राची.’ मी म्हणायचे, ‘अगं करते गं बाई, पत्र काय पळून जातंय?’

सरांनी कायम केल्याचं पत्र टाइपसुद्धा करून ठेवलेलं. सोमवारी देतो म्हणाले.

आता क्लायंट. डोंबिवलीत एक जुनं मिठाई-फरसाणाचं दुकान आहे, त्याच्या तीन शाखा झाल्यात. दुकान वडिलांनी उभं केलं, आता दोघे मुलगे बघतात. म्हातारबुवा पंच्याऐंशीच्या घरातले, पण दर रविवारी दुपारी चारला जुन्या दुकानात गल्ल्यावर येऊन बसायचे आणि जो पोर येईल त्याच्या हातावर जिलबीचा तुकडा ठेवायचे. किती वर्षांचा शिरस्ता. मी तो ऐकला आणि म्हटलं, हीच तर पोस्ट! दर रविवारी सकाळी आठ वाजता आजोबांचा फोटो आणि आजोबांच्या तोंडी चार ओळी. ‘आज चार वाजता या. मी वाट बघतोय. उशीर केलात तर जिलबी थंड होईल, मग मला बोलू नका.’ असलं काहीतरी. लोकांना ते वेड्यासारखं आवडलं. आजोबांनाही. एकदा मी गेले तर मला म्हणाले, ‘माझ्यापेक्षा तुम्हीच बरं बोलता की माझं.’

त्या बुधवारी रात्री आजोबा झोपेतच गेले.

गुरुवारी सकाळी ऑफिसात कळलं. मी त्या दिवशी कोर्टनाक्याला नणंदेच्या कागदपत्रांसाठी गेलेले, ऑफिसात नव्हते. आमच्या नवीन बाईचा फोन आला. आवाज रडवेला. ‘ताई, आजोबांच्या रविवारच्या चार पोस्टी लागलेल्या आहेत. काय करू?’ मी म्हटलं, ‘विचारतेस काय? आधी काढ!’ ती म्हणाली, ‘डिलीट करू?’ आणि मी तिला तेच सांगितलं जे मी सगळ्यांना सांगते. डिलीट काही करायचं नाही. उद्या कोणी फोटो मागितला, मजकूर मागितला, तर कुठून आणायचा? रद्द कर, म्हणजे पोस्ट ड्राफ्टमध्ये जाऊन बसते. ती ‘हो ताई’ म्हणाली. झालं. रद्द केलेली पोस्ट आमच्याकडे मरत नाही, मागच्या खोलीत जाऊन बसते. हा नियम माझाच.

आणखी एक नियम आहे, तो सरांचा. महिना संपायच्या आत पुढच्या महिन्याचं कॅलेंडर क्लायंटला दाखवायचं, आणि त्यात एकही दिवस रिकामा दिसता कामा नये. रिकामा दिवस दिसला की क्लायंट विचारतो, हे काय, तुम्ही झोपा काढता का? त्यामुळे महिनाअखेरीला आमच्याकडे एकच धांदल. ड्राफ्टमध्ये जे जे पडलंय ते काढायचं आणि रिकाम्या जागी भरायचं. सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, सगळे ड्राफ्ट एकदम निवडायचे आणि एक बटण दाबायचं, ते आपणच रिकाम्या वेळा शोधून ओळीने लावत जातं.

तो शनिवार महिनाअखेरीचा होता. पुढचं सगळं रविवारपासून घडलं.

रविवारी साडेनवाला मी इडलीचं पीठ ढवळत होते आणि सरांचा फोन आला. ‘मॅडम, डोंबिवलीचं पेज बघितलंत?’ मी बघितलं. सकाळी आठ वाजता पोस्ट गेलेली. आजोबा गल्ल्यावर हसत बसलेत आणि खाली माझी अक्षरं. ‘आज चार वाजता या. मी वाट बघतोय.’ माणूस जाऊन चौथा दिवस.

मी तिथल्या तिथे मोबाइलवरून पोस्ट काढली, पण दीड तास झालेला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी खाली लिहिलेलं, येतो आजोबा. ज्यांना माहीत होतं त्यांनी काय लिहिलेलं ते मी इथे लिहीत नाही. फोटो काढून लोकांनी नातेवाइकांच्या ग्रुपात फिरवलेलेसुद्धा.

आणि मी काय केलं? रविवारचा अख्खा दिवस मी तिच्यावर चिडण्यात घालवला. सांगून सांगून दमले, एक काम धड करता येत नाही, चार पोस्टी रद्द करायच्या होत्या तर तीन केल्या असतील, नाहीतर रद्द केल्या असं वाटलं असेल आणि बटणच दाबलं नसेल. लॉग उघडून बघावं हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोरच उघडते.

सोमवारी ती आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. तिने पोस्ट बघितली होती. मी तिला पर्ससुद्धा ठेवू दिली नाही.

‘तुला गुरुवारी काय सांगितलं होतं मी?’

‘ताई, मी केलेलं रद्द.’

‘मग काय भुताने टाकली?’

‘चारही केलेल्या ताई. खरंच.’

‘अगं त्या घरात काय चाललं असेल याची कल्पना आहे का तुला? माणूस गेलाय तिथे! आठ वर्षं घरी बसलीस म्हणून सगळं समजून घेतलं, पण काम म्हणजे काय पोरखेळ आहे?’

हे वाक्य मी बोलले. आठ वर्षं घरी बसलीस. दोन खोल्यांचं ऑफिस, सगळ्यांनी ऐकलं. ती नुसती पर्सचा पट्टा धरून उभी राहिली. मग मी तावातावाने भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लॉग उघडला, जिथे आम्ही क्लायंटला कॅलेंडर दाखवतो. त्या पोस्टीचा क्रमांक टाकला. ओळी आल्या.

पोस्ट बनवली: मी. लावली, रविवार सकाळी आठ: ती. रद्द केली, ड्राफ्टमध्ये हलवली, गुरुवार, अकरा बेचाळीस: ती. मग पुढची ओळ. एकदम लावल्या, अकरा पोस्टी, शनिवार, संध्याकाळी सहा एक्कावन्न: मी. त्याखाली, प्रसिद्ध झाली, रविवार, आठ: सिस्टिम.

पंख्याचा आवाज येत होता.

मी ती ओळ दोनदा वाचली. मला आठवत नव्हतं. म्हणजे शनिवारी कॅलेंडर भरलेलं आठवत होतं, रिक्षा मिळायला हवी म्हणून घाई केलेली आठवत होती, पण आजोबा? मला आजोबा दिसलेच नव्हते. मी ड्राफ्टच्या वरच्या चौकोनात खूण केली, सगळे निवडले, बटण दाबलं. ड्राफ्टमध्ये जो शेवटी आलेला तो सगळ्यात वर असतो, म्हणजे आजोबाच वर. आणि पहिली रिकामी जागा कुठली, तर रविवार सकाळी आठ. तिनेच गुरुवारी रिकामी केलेली. सॉफ्टवेअरने नेमकी तीच पोस्ट उचलून नेमक्या त्याच जागी ठेवली. बाकीच्या तीन पुढच्या रविवारांवर लागलेल्या, त्या मी त्याच क्षणी काढल्या, आणि या वेळी डिलीट केल्या.

मी तिच्याकडे बघितलं. ‘माझी चूक आहे गं,’ म्हटलं. ‘सगळी माझी. मी उगाच...’

ती म्हणाली, ‘असू दे ताई.’ आणि रडायला लागली. सुटल्यासारखी रडली ती. मला वाटलं, चला, माझी लाज गेली ती गेली, पण हिचं तरी निस्तरलं.

कसलं काय. मी सरांच्या खोलीत गेले. सर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. मी सगळं सांगितलं, लॉगमध्ये काय आहे ते सांगितलं. त्यांनी लॅपटॉप बंद केला.

‘मॅडम, मी काल सकाळीच बोललोय त्यांच्याशी. धाकटा भाऊ फोनवर इतका तापलेला, मला काहीतरी सांगायला लागलं. मी म्हटलं, नवीन मुलगी आहे, तिच्या हातून झालं, तिला काढतोय.’

‘पण तिने केलंच नाही.’

‘ते काल मला माहीत होतं का? तुम्हीच फोनवर म्हणालात, त्या बाईला साधं रद्द करता आलं नाही.’

हो, म्हणाले होते. साडेनवाला, पिठाच्या हाताने.

‘मग आज फोन करा आणि सांगा की मी केलं,’ मी म्हटलं. ‘लॉग आहे ना!’

‘लॉग क्लायंट बघत नाही मॅडम. आता फोन करून काय सांगू, काल मी न बघताच बोललो? आणि आमच्या सगळ्यात जुन्या मॅडमनी केलं? उद्या बाकीचे क्लायंट पण विचारतील. तुम्ही सगळ्यांचं लिहिता.’

‘मग मी जाते. मी राजीनामा देते.’

‘तुम्ही गेलात तर ती राहणार आहे का? मी शब्द दिलाय त्यांना. तुम्ही तिच्यासाठी हे करताय ते कळतंय मला, चांगलंच आहे. पण बसा जरा. पाणी प्या.’

तुम्ही तिच्यासाठी हे करताय! मी ओरडले, ‘अहो मी तिच्यासाठी काही करत नाहीये, मी खरं सांगतेय!’ ते मान हलवत राहिले, आजारी माणसापुढे हलवावी तशी. त्यांनी लॉग बघितलासुद्धा, मी जबरदस्तीने दाखवला. बघून म्हणाले, ‘हो, आहे खरं.’ आणि तरी काही बदललं नाही. मला आजवर वाटायचं, एकदा लॉग दाखवला की संपलं.

दुपारी त्यांनी तिला बोलावलं. बाहेर आली तेव्हा हातात पत्राचं पाकीट नव्हतं. तिने डबा आवरला, टेबलावरचा मुलाचा फोटो काढून पर्समध्ये टाकला. मी म्हटलं, ‘थांब, मी उद्या स्वतः डोंबिवलीला जाते, त्या भावांना सांगते. तेच म्हणाले की ठेवा, तर सरांचा शब्द सुटला.’ ती म्हणाली, ‘बघा ताई.’ तिच्या डोळ्यांत आशा होती, ती मला अजून दिसते. घरी तिने सांगितलं नाही. मंगळवारी ती नेहमीच्या वेळेला घरातून निघाली आणि कल्याणला काळ्या तलावाच्या बाकावर जाऊन बसली. हे तिने मला नंतर सांगितलं.

मंगळवारी मी डोंबिवलीला गेले. दुकान बंद, शटरवर निधनाचा कागद. मागेच घर. सुतकातलं घर, बाहेरच्या खोलीत सतरंजी, भेटायला येणारे येतायत, बसतायत, उठतायत. मोठा मुलगा दाढी वाढलेला, भिंतीला टेकून बसलेला. मी कोण ते सांगितल्यावर धाकटा उठून आत निघून गेला. मोठ्याने मला बसायला सांगितलं.

मी मोबाइल काढला, लॉग उघडला. ‘हे बघा,’ म्हटलं, ‘ही ओळ. शनिवार, सहा एक्कावन्न. हे नाव माझं आहे. त्या मुलीने गुरुवारीच सगळं रद्द केलेलं, ही बघा तिची ओळ. चूक माझी आहे. माझं काय करायचं ते करा. पण तिला काढू नका असं तुम्ही सरांना सांगा.’

त्याने मोबाइल हातात घेतलासुद्धा नाही.

‘मॅडम,’ तो म्हणाला, ‘रविवारी माझ्या मुलीच्या मोबाइलवर आईने ते बघितलं. तिला हल्ली विसरायला होतं. मधेच आठवतं, मधेच नाही. तिने चार वाजता साडी बदलली. म्हणाली, मला दुकानात ने, हे वाट बघतायत. आम्ही तिला दारातून परत आणली. परत सांगितलं तिला, की बाबा गेले. ती परत पहिल्यासारखी रडली.’

मी मोबाइल पुढे धरूनच बसलेले.

‘तुम्ही केलं का तिने केलं का मशीनने केलं,’ तो म्हणाला, ‘त्याने काय होणारंय? मला नका दाखवू ते. आणि तुम्ही तिला वाचवायला आलात, हे मोठेपण आहे तुमचं. पण आमच्या घरात हा विषय आता नको.’

पुन्हा तेच. मोठेपण. मी म्हटलं, ‘मोठेपण नाही हो, खरंच मीच...’ पण तेवढ्यात आतून आजी आल्या, भिंत धरून. बारीकशा. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘दुकानातनं आलात?’ मोठा मुलगा उठला आणि त्यांना हाताला धरून आत घेऊन गेला. मी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि उठले. स्टेशनपर्यंत चालत गेले, रिक्षाला हात करायचंही सुचलं नाही.

बुधवारी सर म्हणाले, ‘मॅडम, तिचं ॲक्सेस काढा. आता ती नाही तर तिचं नाव खात्यात ठेवणं बरोबर नाही, क्लायंटचे पासवर्ड आहेत.’ ते बरोबरच होतं. हे काम ॲडमिनचं. मी सदस्यांच्या यादीत गेले, तिच्या नावापुढचं बटण दाबलं, त्याने विचारलं, नक्की काढायचं? मी हो म्हटलं. नाही म्हणून काय करणार होते? लॉगमध्ये लगेच ओळ उतरली. सदस्य काढला, बुधवार, अकरा पाच: मी.

तिने घरी सांगितलं शुक्रवारी. शनिवारी मला तिचा फोन आला, हळू आवाजात, बहुतेक गॅलरीतून बोलत होती.

‘ताई, एक काम होतं. तो लॉग असतो ना, त्याचं पान पाठवता येईल? सासूबाई म्हणतायत, काहीतरी मोठं केलं असशील, त्याशिवाय कोणी काढत नाही. मी सांगून सांगून थकले. कागदावर दिसलं तर ह्यांना तरी पटेल. मग दुसरीकडे बघेन मी काम.’

‘दे सासूबाईंना फोन,’ मी म्हटलं. ‘मीच सांगते.’

तिने दिला. मी त्यांना सरळ सांगितलं, तुमच्या सुनेची काडीची चूक नाही, मी केलं, मी केलं ते लिहिलेलं आहे. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘तुम्ही मोठ्या मनाच्या आहात, ती सांगते नेहमी. तुम्ही तिच्या बाजूनेच बोलणार. पण तुम्ही केलं म्हणता तर तुम्ही अजून कामावर कशा?’

मी अजून तिथेच आहे.

फोन परत तिच्याकडे गेला. मी म्हटलं, ‘थांब, आत्ता पाठवते, लगेच. त्यात सगळं स्वच्छ आहे.’ मी ऑफिसातच होते. लॉग उघडला, पोस्टीचा क्रमांक टाकला, ते पान तसंच्या तसं उतरवून घेतलं आणि न बघता तिला पाठवून दिलं. घाईने, नेहमीसारखं.

ती फोनवरच होती. उघडून वाचत होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘यात माझं नाव नाहीये.’

‘असं कसं? गुरुवार बघ. अकरा बेचाळीस.’

‘अकरा बेचाळीस आहे. रद्द केली, असं आहे. पण पुढे लिहिलंय, काढलेला सदस्य.’

मी माझ्या स्क्रीनवर बघितलं. खरंच. माणसाला खात्यातून काढलं की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव मागच्या सगळ्या ओळींतूनही जातं. वेळ राहते, काम राहतं, नावाच्या जागी ते दोन शब्द येतात. मला हे माहीत नव्हतं. मी ॲडमिन, आणि मला माहीत नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांना मी नंतर लिहिलंसुद्धा, त्यांचं उत्तर आलं, नाव परत आणता येत नाही.

बुधवारच्या आधी एक फोटो काढून ठेवला असता तर? सोमवारी तर ते पान भिंतीएवढं समोर होतं.

‘अगं पण माझं नाव आहे ना खाली,’ मी म्हटलं. ‘शनिवारचं. मी लावली असं दिसतंय ना? ते दाखव त्यांना.’

‘हो, ते आहे,’ ती म्हणाली. मागे तिचा मुलगा काहीतरी मागत होता, तिने त्याला ‘आले रे’ म्हटलं.

‘ताई, एक विचारू?’

‘विचार ना.’

‘सोमवारी तुम्ही एवढ्या ओरडलात ना, तेव्हापासून मलाच वाटायला लागलंय. मी नक्की रद्द केलेल्या ना?’

‘केलेल्यास गं,’ मी म्हटलं. ‘चारही.’

‘नक्की?’

‘नक्की.’

‘बरं,’ ती म्हणाली. पण तिच्या आवाजावरून मला कळलं, तिलाही आता वाटतंय की मी तिची समजूत काढतेय.